मोंढ्यातली क्वार्टर आणि पाडव्याचा मुहूर्त

वाचकाचं पत्र

मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी, वय ३८. बारा वर्षं देशी प्यायलो. मे महिन्यात व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, पाच महिने थेंब घेतला नाही. गणपती उठल्यावर ‘आता काय गरज’ म्हणून गोळी थांबवली. दसऱ्यानंतर सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो. सकाळपासून उपाशी, ओल जास्त म्हणून दर पाडला, चार वाजता रोख पैसे हातात आले. चुलतभाऊ भेटला, म्हणला चल चहा घेऊ. एक क्वार्टर झाली. दुसऱ्या दिवशी रात्री एकट्यानं दोन घेतल्या, ‘आता मोडलंच आहे’ म्हणून. त्याला चार दिवस झाले, नंतर घेतली नाही. बायको बोलत नाही. थोरला भाऊ म्हणतो पुन्हा केंद्रात टाकू. माझे पाच महिने पाण्यात गेले. एवीतेवी मोडलंच, तर दिवाळी होऊ द्यावी आणि पाडव्यापासून कायमची सोडावी, असा विचार आहे. अजून दहा-बारा क्विंटल सोयाबीन घरात आहे, तेही न्यायचं आहे.

उत्तर

आधी पाडव्याचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ती आहे. क्वार्टर त्यानंतर.

दिवाळीपर्यंत रोज प्यायचं आणि पाडव्याला सकाळी एकदम बंद करायचं, यात शरीराचा हिशेब धरलेलाच नाही. बारा वर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू धरून चालायला शिकलेला असतो. मध्ये पाच महिने गेले तरी ती सवय दहा-पंधरा दिवसांच्या रोजच्या पिण्यानं परत येऊ शकते, आणि पहिल्यापेक्षा लवकर येते. मग अचानक बंद केली की साधारण सहा ते चोवीस तासांत हातपाय थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते, माणूस उठून पळायला लागतो. हा जिवावरचा प्रसंग असतो, घरी निभावायचा नाही. म्हणजे पाडव्याला सोडलीत तर भाऊबीज तुमची दवाखान्यात जाऊ शकते. मुहूर्त धरून सोडणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं, आणि घरचे समजतात की त्याच्यात निर्धारच नव्हता.

आज तुमची स्थिती तशी नाही. दोन दिवसांत तीन क्वार्टर झाल्या, त्यानंतर चार दिवस काही नाही. हात थरथरत नसतील, झोप-जेवण ठीक असेल, तर शरीराच्या बाजूनं तुम्ही आजही सुटलेलेच आहात. पाडव्याला जे करायचं म्हणता ते तुमचं चार दिवसांपूर्वी झालंय.

आता ‘पाच महिने पाण्यात गेले’ हे. व्यसनावर काम करणारे डॉक्टर आणि समुपदेशक दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एकदा, एका संध्याकाळी किंवा एक-दोन दिवस पिणं झालं आणि माणूस थांबला, तर ती घसरण. पुन्हा जुन्या पद्धतीनं पिणं सुरू झालं, म्हणजे रोज, लपवून, कामधंदा सोडून, सकाळी उठल्या उठल्या, तर ते व्यसनात परत पडणं. हा फरक मनाला बरं वाटावं म्हणून केलेला नाही. दोन्हींवर करायचं काम वेगळं असतं. घसरणीनंतर बहुतेक वेळा शोधायचं असतं की पाय कुठं घसरला आणि तिथं काय दुरुस्त करायचं. परत पडलेल्या माणसाला आधी दारू सुरक्षितपणे उतरवावी लागते, औषधं लागतात, कधी दाखलही व्हावं लागतं. थोरल्या भावाचा सल्ला दुसऱ्या प्रकाराला लागू आहे. तुमचा अजून पहिला आहे.

अजून, असं मुद्दाम म्हणतोय. कारण तुमच्या दोन रात्री एकसारख्या नाहीत. मोंढ्यातली क्वार्टर प्रसंगानं झाली. दुसऱ्या रात्रीच्या दोन प्रसंगानं झाल्या नाहीत. त्या दिवशी कुणी आग्रह केला नव्हता, हातात नव्यानं पैसे आले नव्हते. त्या दोन ‘आता मोडलंच आहे’ या वाक्यानं प्यायला लावल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी १९८०च्या दशकात ही गोष्ट नीट मांडली. पूर्ण बंदीचा नियम स्वतःला घालून घेतलेला माणूस एकदा घसरला की त्याला दोन विचार एकदम घेरतात. एक, मी मुळातच असा आहे. दोन, आता राखायला काही उरलं नाही. पहिल्यानं अपराधी वाटतं, आणि ते वाटणं मारायला त्याच्याकडं बारा वर्षांचं ठरलेलं औषध असतं. दुसऱ्यानं दार सताड उघडं राहतं. त्यामुळं पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरच्या दिवसात माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचं बरंच ठरतं. ‘दिवाळी होऊ द्यावी’ हेही त्याच बोलण्यातलं आहे, फक्त जास्त शहाणं दिसतं.

शरीरानं मिळवलेले पाच महिने तीन क्वार्टरनं पुसले जात नाहीत. पाच महिन्यांत लिव्हरला आराम मिळाला, झोप सुधारली, कितीतरी संध्याकाळी तुम्ही न पिता काढल्या. त्या कशा काढल्या हे तुम्हाला माहीत आहे, आणि तीच माहिती पुढं कामाला येणार आहे. एक गोष्ट मात्र या महिन्यांत कमी झाली, ती म्हणजे दारू सोसण्याची ताकद. पूर्वीच्या मापानं आता घेतली तर ती जास्त चढेल, म्हणून घसरण झालेल्या दिवशी मोटरसायकल आणि ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. (गर्द किंवा तत्सम अफूजन्य नशेच्या गोळ्या, इंजेक्शनं सोडलेल्या वाचकांना ही गोष्ट दहापट लागू आहे. काही आठवडे बंद ठेवून जुन्याच मापानं घेतलं की श्वास थांबतो. त्यात अनेक जण दगावतात.)

आता तो दिवस उलटा वाचू, क्वार्टरपासून मागं. तुम्हाला वाटतं चुलतभाऊ भेटला म्हणून झालं. तो भेटला तेव्हा दहा गोष्टींपैकी नऊ आधीच होऊन बसल्या होत्या. चहाला जायचं म्हणून तुम्ही ज्या रस्त्याला वळलात, त्या रस्त्यावर दुकान आहे हे पायांना माहीत होतं. त्याआधी रोख रक्कम खिशात आली. त्याआधी दर पडल्याचा राग, आणि तो कुणावर काढायचा हे न कळणं. त्याआधी सौद्याची वाट बघत उन्हात काढलेले तास, पोटात काही नाही. त्याआधी, सकाळी, एकट्यानं जायचं ठरलं. आणि त्या सगळ्याच्या तीन-चार आठवडे आधी गोळी थांबली.

गोळीपाशी थोडं थांबू. दारू सोडवण्यासाठी आपल्याकडं बहुतेक वेळा देतात ती डायसल्फिराम. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी तो लगेच पुढं मोडला जातो, ही गोळी ते मोडणं अडवते. मग थोडी जरी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तुमचं दसऱ्यानंतर घडलं, म्हणजे हे दोन आठवडे उलटून गेल्यावर. गोळी थांबवताना तुम्ही मनात ‘पुढं कधी प्यावी लागली तर’ असा हिशेब केला असेलच असं मी म्हणत नाही. पण असे लहानसे, निर्दोष दिसणारे निर्णय एकापुढं एक उभे राहतात आणि माणसाला बरोबर दुकानापाशी नेऊन सोडतात. म्हणून यापुढचा नियम एवढाच : गोळी थांबवायची तर डॉक्टरांना विचारून, आणि घरात एका माणसाला सांगून. दुसरं, घाईनं आज स्वतःच ती पुन्हा सुरू करू नका. शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास जावे लागतात हे खरं, ते तुमचे गेलेतही. पण लिव्हर, हृदय, साखर यांची तपासणी बघून डॉक्टरांनी ती सुरू करायची असते. आणि घरच्यांनी ती चहात किंवा भाजीत गुपचूप घालायची नाही. हा उद्योग गावोगाव चालतो. गोळी पोटात आहे हे ठाऊक नसलेला माणूस भरपूर पितो आणि जिवावर बेततं.

मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परत प्यालेल्या माणसांचे प्रसंग तपासले, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश प्रसंग तीन प्रकारांत बसले : मनाची वाईट अवस्था, कुणाशी तरी भांडण, आणि सोबत्यांचा आग्रह. तुमच्या मोंढ्याच्या दिवशी पहिला आणि तिसरा एकत्र होते, वर भूक आणि रोख रक्कम. म्हणून उरलेलं सोयाबीन नेण्याचा दिवस हा तुमच्यासाठी येत्या महिन्यातला सर्वांत धोक्याचा दिवस आहे, दिवाळीपेक्षाही. त्याची तयारी आजच कागदावर करा. नुसतं ‘या वेळी पिणार नाही’ असं ठरवून निघू नका.

माल वाळवून, ओल तपासून न्या. बारा टक्क्यांच्या वर ओल असली की दरात कापतात, आणि दर पडल्याचा राग हा तुमच्या बाबतीत थेट दारूकडं जाणारा रस्ता आहे हे आता कळलंय. शेतीचा सल्ला वाटेल, पण तुमच्या केसमध्ये तो उपचाराचाच भाग आहे. आडत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की पट्टीची रक्कम खात्यावर जमा करा, रोख नको. खिशात भाडं आणि जेवण होईल एवढेच पैसे. निघताना पोटभर जेवून निघा आणि दुपारच्या भाकरी बांधून घ्या, सौदा लांबला तरी एक वाजता खायचंच. एकटे जाऊ नका. सोबत कोण, तर थोरला भाऊ चालेल, पण पहारेकरी म्हणून येऊन दिवसभर टोमणे मारणार असेल तर नको. शेजारचा न पिणारा शेतकरी बरा. माप झालं, पट्टी हातात आली की कुठंही न बसता निघायचं. परतीचा रस्ता कोणता, हे घरून निघायच्या आधी ठरलेलं हवं. चहा प्यायचा तो यार्डातच.

चुलतभाऊ पुन्हा भेटेल. त्याच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा आणि मोठ्यानं म्हणून बघा, कारण जे तोंडातून कधी निघालेलं नाही ते ऐन वेळी निघत नाही. ‘आज नको’ म्हणू नका, त्यात उद्याचा होकार आहे. ‘बघू’ तर अजिबात नको. ‘मी सोडली आहे दादा, दवाखाना चालू आहे. चल, मला पाचच्या आत घरी पोचायचंय’ एवढं पुरे. कारणं द्यायची नाहीत, कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो. म्हणत म्हणतच चालायला लागायचं. तो नाराज होईल, होऊ द्या.

तलफ आलीच, तर ती लाटेसारखी चढते आणि उतरते. बहुतेकांची पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उतरणीला लागते. माणसाला वाटत असतं की प्यायल्याशिवाय ती जाणारच नाही, म्हणून तो सुरुवातीच्याच मिनिटांत शरण जातो. तिच्याशी वाद घालत दुकानासमोर उभं राहण्यात अर्थ नाही. आधी जागा सोडा, मग काहीतरी खा, मग ठरलेल्या माणसाला फोन करा, आणि घड्याळ बघा. दोन-तीनदा घड्याळ लावून ती उतरताना पाहिली की तिचा धाक कमी होतो.

बाकीचे प्रसंग थोडक्यात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि आपल्याकडं पिणं होतं ते बहुधा हळदीच्या रात्री, वरातीत. पहिल्या वर्षी हळदीला जाऊ नका, दुपारच्या अक्षता टाकून जेवून परत या. नातेवाईक रुसले तर रुसले. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ तुम्ही बारा वर्षं कुठं काढली ते तुम्हाला माहीत आहे, तिथं आता दुसरं काम ठेवा, धार काढायचं का होईना. भावाशी पैशावरून वाद होत असेल तर तो संध्याकाळी करू नका.

एवढं करूनही घसरण होऊ शकते. म्हणून एक चिठ्ठी आज, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हातानं लिहा आणि पाकिटात ठेवा. तिच्यात असं काहीतरी असावं : ‘ग्लास खाली ठेव आणि उठ. उरलेली बाटली सोबत घेऊ नको. गाडी चालवू नको. झोपायच्या आधी अमुकला सांग. आणखी पिणं हा यावरचा उपाय नाही. उद्या सकाळी आंघोळ, नाष्टा, काम. तीन दिवसांत दवाखाना.’ अमुकच्या जागी एकच नाव आणि फोन नंबर. ही चिठ्ठी म्हणजे पिण्याची परवानगी, असं घरच्यांना वाटेल. पण पहिल्या घोटानंतर डोकं नवा विचार करू शकत नाही, म्हणून तो आधी करून ठेवायचा. तुमच्याकडं ही चिठ्ठी त्या रात्री असती, तर दुसऱ्या रात्रीच्या दोन क्वार्टर बहुधा झाल्या नसत्या.

त्या ‘अमुक’च्या जागी बायकोचं नाव असावं की नाही, हे तिला विचारून ठरवा. बारा वर्षं सोसलेल्या बाईनं चार दिवस न बोलणं समजण्यासारखं आहे. तिच्याकडून लगेच विश्वास मागू नका. तिला तीन गोष्टी सांगा : काय झालं, किती घेतली, आणि त्या दिवशीच्या कोणत्या चार गोष्टी बदलणार आहात. शपथ घेऊ नका, तिनं त्या पुष्कळ ऐकल्या असतील. आणि हे उत्तर तिनं वाचलं तर तिच्यासाठी एवढंच : माणूस पिऊन आला असेल त्या रात्री जाब विचारून काही हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘कधीपासून मन तिकडं होतं?’ असं विचारलं, तर बरंच कळतं. त्यानं आपण होऊन सांगितल्यावर घरात रणकंदन झालं, तर पुढच्या वेळी तो लपवेल, आणि लपवण्यानंच घसरणीचं व्यसन होतं.

थोरल्या भावाला काय सांगायचं? केंद्रात पुन्हा जायची वेळ कोणती, ते आधीच ठरवून त्यालाही सांगा. सलग तीन-चार दिवस पिणं झालं, सकाळी उठल्यावर घ्यावी लागली, न घेतल्यास हात थरथरले, पूर्वी कधी फिट आलेली असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर थांबायचं नाही. त्यातही आधी दवाखाना, मग केंद्र. थरथर, फिट किंवा भास सुरू असलेल्या माणसाला डॉक्टर नसलेल्या केंद्रात नेणं धोक्याचं आहे. आणि उचलून नेऊन टाकायचं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायला कडक अटी घातल्या आहेत, आणि तसं नेलेला माणूस बाहेर आल्यावर बहुधा रागानं पितो.

उलट बाजूही सांगतो. दर महिन्याला एक ‘घसरण’ होत असेल, दर वेळी पगाराच्या किंवा पट्टीच्या दिवशीच होत असेल, तर तिला घसरण म्हणत राहणं ही स्वतःची फसवणूक आहे. मग आखणी चुकलीय किंवा उपचार अपुरा आहे, दोन्हींपैकी एक.

या आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतही तो विभाग असतो. जाणं जमेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, कुठल्याही वेळी, फुकट बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. डॉक्टरांना तीन क्वार्टर लपवू नका, तारखांसह सांगा, गोळी कधी थांबवली तेही. आणि विचारा : लिव्हरची तपासणी कधी झाली होती, डायसल्फिरामच पुन्हा घ्यायची की नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट माझ्यासाठी बरी? नाल्ट्रेक्सोननं पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते, अ‍ॅकॅम्प्रोसेट न पिता राहायला मदत करते. त्यांच्यावर प्यायलं तर डायसल्फिरामसारखी उलटी-धडधड होत नाही, म्हणून धाक कमी, पण धोकाही कमी. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर अ‍ॅकॅम्प्रोसेट चालत नाही, लिव्हर फार बिघडलेलं असेल तर नाल्ट्रेक्सोनबद्दल डॉक्टर दोनदा विचार करतात. सोयाबीन नेण्याचा दिवस या भेटीनंतरचा धरा.